पिवळसर म्हणजे नेमका किती पिवळा?

बारावीच्या केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये त्या तीन ओळी एकाखाली एक होत्या. सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पांढरा, दह्यासारखा पीपीटी, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, आला तर क्लोराइड. फिकट पिवळा आला तर ब्रोमाइड. पिवळा आला तर आयोडाइड. तिन्ही ओळी मी तोंडपाठ केल्या होत्या आणि सॉल्ट ॲनालिसिसमधला, म्हणजे अनोळखी सॉल्ट कुठलं ते ओळखण्यातला, सगळ्यात सोपा भाग हाच, अशी माझी खात्री होती. बाकी ठिकाणी वास घ्या, ज्योतीचा रंग बघा, ग्रुपमागून ग्रुप चालवा. इथे काय, नळीत बघायचं आणि लिहायचं.

ही 2007 सालची गोष्ट. आमचं ज्युनियर कॉलेज अकोला-अमरावतीकडच्या खारपाण पट्ट्यात, तालुक्याच्या गावी होतं. पट्ट्याचं नाव मुद्दाम सांगते, कारण माझा पहिला घोटाळा थेट त्या पाण्यातूनच आला.

पीपीटी हा आमचा शब्द. दहावीच्या मराठी पुस्तकात तो ‘अवक्षेप’ होता आणि लॅबमधले काका त्याला ‘साका’ म्हणायचे. मला काकांचाच शब्द आवडतो. नळीच्या तळाशी हळूहळू बसत जाणारी ती गोष्ट साकाच असते.

पहिल्या दोन-तीन प्रॅक्टिकलला माझ्याकडे प्रत्येक सॉल्ट क्लोराइड निघत होतं. सल्फेट दिलं तरी क्लोराइड, कार्बोनेट दिलं तरी क्लोराइड. दाट दही नाही, नुसतं दुधी गढूळ, पण पांढरं. पांढरं म्हणजे क्लोराइड, म्हणून मी लिहून मोकळी. तिसऱ्या वेळी काका माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “नळी कायनं धुतली?”

“नळाच्या पाण्यानं.”

“मंग क्लोराइडच निंगन ना पोरी. आपल्या इथलं पाणीच क्लोराइड हाय.”

त्यांनी एक रिकामी नळी घेतली, नळाचं पाणी दोन बोटं भरलं, त्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकले आणि ड्रॉपरने सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब सोडले. लगेच दूध. मग दुसरी नळी डिस्टिल्ड वॉटरने तीनदा विसळून, त्यात डिस्टिल्ड वॉटरच घेऊन तेच केलं. काहीच नाही, आरपार दिसत होतं. आमच्याकडचं विहिरीचं पाणी खारट असतं हे घरी सगळ्यांनाच माहीत होतं, आई त्यावरून रोज कुरकुर करायची, पण ते मीठ माझ्या जर्नलमध्ये शिरलंय हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ही ‘ब्लँक’ची पद्धत. सॉल्ट सोडून बाकी सगळं घालायचं आणि काय दिसतं ते आधी पाहायचं. आमच्या प्रॅक्टिकलच्या छापील पुस्तकात ती एका ओळीतसुद्धा नव्हती. पुढे मी धुण्याच्या सोड्याचाही ब्लँक केला, म्हणजे एक्स्ट्रॅक्टसाठी जो सोडियम कार्बोनेट वापरतात त्याचा, तेव्हा आमच्या बरणीतल्या सोड्यानेही अंधूक पांढरट झाक दिली. तेवढी झाक असली तर ती सोड्याची, सॉल्टची नाही, हे तेव्हापासून गृहीत धरलं.

पण माझी खरी फजिती झाली ती प्रिलिमला.

प्रिलिमला मला पांढरी, बारीक खडे असलेली पूड मिळाली. कॅटायन, म्हणजे सॉल्टमधला धन भाराचा भाग, मी नीट काढला, बेरियम निघालं. त्याबद्दल काही म्हणायचं नाही. ॲनायनसाठी, म्हणजे क्लोराइड-ब्रोमाइडसारख्या ऋण भाराच्या भागासाठी, आधी कोरडी परीक्षा होती. चिमूटभर सॉल्टवर कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड टाकून नळी गरम केली, तर तांबूस-तपकिरी वाफा दिसल्या. फार दाट नाही, पण दिसल्या. माझ्या डोक्यात लगेच ब्रोमाइडची पाटी लागली.

आता ओली परीक्षा. बेरियमसारखं कॅटायन असलं की थेट पाण्यातल्या द्रावणावर ॲनायनच्या परीक्षा करत नाहीत, कारण कॅटायन मध्ये मध्ये कडमडतं. म्हणून सोडियम कार्बोनेट एक्स्ट्रॅक्ट करायचा. मी साधारण अर्धा ग्रॅम सॉल्ट, त्याच्या तिप्पट सोडा आणि पंधरा मिली डिस्टिल्ड वॉटर घेऊन बीकर उकळला. बेरियम कार्बोनेट होऊन पांढरा गाळ म्हणून खाली राहतं, ॲनायन सोडियमबरोबर पाण्यात येतो. गाळून घेतलं. स्वच्छ पाण्यासारखा एक्स्ट्रॅक्ट मिळाला.

त्यातला दोन मिली नळीत घेतला. डायल्यूट नायट्रिक ॲसिडचे पाच-सहा थेंब टाकले. बुडबुडे आले, विरले. मग सिल्व्हर नायट्रेट. आणि नळीत साका आला, फिकट पिवळा. अगदी जर्नलमध्ये लिहिल्यासारखा. मला इतका आनंद झाला की शेजारच्या बेंचवरच्या मैत्रिणीला मी डोळ्यांनीच खूण केली.

पुढची पायरी अमोनियाची. पुस्तकात होतं की ब्रोमाइडचा साका जास्त अमोनियात विरघळतो. बेंचवर अमोनियाची एकच बाटली होती, घट्ट बुचाची, नाकाजवळ नेली की डोळ्यांतून पाणी काढणारी. ओतला. साका गेला. “ब्रोमाइड कन्फर्म्ड” असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

तोंडी परीक्षेला सरांनी माझा कागद पाहिला, सॉल्टच्या नंबरची यादी पाहिली आणि विचारलं, “क्लोरीन वॉटरची टेस्ट केलीस?”

“नाही सर. सिल्व्हर नायट्रेटमध्येच आलं.”

“तांबड्या वाफा कशा होत्या? लगेच आल्या की गरम केल्यावर?”

“गरम केल्यावर.”

“कागदाचा बोळा टाकून पाहिलास?”

नव्हता टाकला.

सर म्हणाले, “तुझं सॉल्ट बेरियम नायट्रेट होतं.”

मला ते खरंच वाटेना. नायट्रेट आणि सिल्व्हर नायट्रेट मिळून साका येतो कसा? सिल्व्हरची नायट्रेटशी तर काही झटापटच नाही, बाटलीतच ते एकत्र असतात. सर हसले आणि म्हणाले, प्रिलिम संपल्यावर थांब.

संध्याकाळी मी, सर आणि काका असे तिघेच लॅबमध्ये होतो. माझा एक्स्ट्रॅक्ट अजून बीकरमध्ये होता. सरांनी मला तेच सगळं परत करायला लावलं, जसं दुपारी केलं तसंच. सहा थेंब ॲसिड, मग सिल्व्हर नायट्रेट, मग तोच लोणीसारखा पिवळसर साका. मग म्हणाले, “आता अमोनिया नको. नायट्रिकच टाक. टाकत राहा.”

मी टाकत राहिले. बुडबुडे यायला लागले, फसफस वाढली, आणि त्या फसफसीत साका विरत गेला. नळी पुन्हा पाण्यासारखी झाली. खरा ब्रोमाइड असता तर नायट्रिक ॲसिड बाटलीभर ओतलं तरी तो हलला नसता.

तो साका सिल्व्हर कार्बोनेटचा होता. एक्स्ट्रॅक्टमध्ये उरलेला सोडा मी पुरता मारलाच नव्हता, आणि त्या कार्बोनेटने सिल्व्हरला धरून फिकट पिवळा रंग दाखवला. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला तेव्हा मला लाज वाटली. दीड ग्रॅम सोडा पंधरा मिलीत, त्यातला थोडा बेरियमने खाल्ला, तरी दोन मिलीत सुमारे दीड मिलिमोल कार्बोनेट शिल्लक. प्रत्येकाला दोन हायड्रोजन लागतात, म्हणजे तीन मिलिमोलच्या वर ॲसिड. डायल्यूट नायट्रिक दोन मोलर धरलं तर दीड मिलीहून जास्त, म्हणजे तीसेक थेंब. मी टाकले होते सहा. बुडबुडे आले म्हणून मी थांबले, आणि थांबायचं होतं बुडबुडे बंद झाल्यावर. शिवाय सुरुवातीला ॲसिडचा थेंब पडतो तिथेच बुडबुडे दिसतात आणि हलवलं की गप्प होतात, कारण कार्बोनेट आधी बायकार्बोनेट होतं. त्या गप्प होण्यालाच मी ‘फसफस थांबली’ समजले होते. म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही. काचेच्या कांडीने थेंब निळ्या लिटमसवर टेकवायचा, तो लाल झाला की मगच सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीला हात लावायचा. आणि हे ॲसिड नायट्रिकच हवं. घाईत शेजारची हायड्रोक्लोरिकची बाटली उचलली तर जगातलं प्रत्येक सॉल्ट क्लोराइड निघेल.

राहिल्या त्या तपकिरी वाफा. त्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या होत्या. ब्रोमीनच्या वाफाही तांबूस-तपकिरीच, त्यामुळे एका नळीपुढे उभं राहून फरक करणं अवघड. पण नायट्रेटमध्ये कागदाचा बोळा किंवा तांब्याचा कीस टाकला की त्या वाफा एकदम दाट होतात, आणि ब्रोमाइडच्या वाफांनी ओला स्टार्च पेपर पिवळा पडतो. दुपारी मी यातलं काहीच केलं नव्हतं. मला मनात ठरलेलं उत्तर हवं होतं, ते त्या रंगाने दिलं.

आणि अमोनिया? तो तर कन्फर्म झाला होता. तर सिल्व्हर कार्बोनेट अमोनियात सहज विरघळतं. माझी बाटली कॉन्सन्ट्रेटेडची होती, तिच्यात ते विरघळलं म्हणून मी ब्रोमाइड म्हटलं. ब्रोमाइड डायल्यूट अमोनियात पुरतं विरघळत नाही. तीच टेस्ट आधी डायल्यूट अमोनियाने केली असती, तर तिथेच सगळं गायब होऊन माझं बिंग फुटलं असतं. हे कळलं तेव्हापासून अमोनियाच्या बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय मी कधी बूच काढलं नाही.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला तीन आठवडे होते. सरांनी काकांना सांगितलं, हिला तीन नोन सॉल्ट देऊन बसव. सिल्व्हर नायट्रेट महाग, त्यामुळे काका ते कुलुपात ठेवायचे, तपकिरी बाटलीतून माझ्या छोट्या बाटलीत मोजून ओतायचे आणि वर म्हणायचे, “हे काही पाणी नाही, चांदी हाय. सांभाळून.” तीन नळ्या घेतल्या. एकीत सोडियम क्लोराइड, एकीत पोटॅशियम ब्रोमाइड, एकीत पोटॅशियम आयोडाइड. ॲसिड, मग प्रत्येकीत पाच थेंब.

तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ‘फिकट पिवळा’ हा रंग एकट्याने दिसतच नाही. आयोडाइड ओळखायला कुणाची गरज नाही, ते हळदीचं पाणी घातलेल्या दुधासारखं उघड पिवळं. पण ब्रोमाइड? क्लोराइडच्या शेजारी ठेवलं तर ते सायीसारखं दिसतं. क्लोराइडची नळी उचलून बाजूला नेली की तेच ब्रोमाइड पांढरं वाटायला लागतं. डोळा जवळच्या गोष्टीशी ताडून पाहतो, मनात साठवलेल्या रंगाशी नाही. तेव्हापासून मी अनोळखी नळीच्या एका बाजूला क्लोराइडची आणि दुसऱ्या बाजूला ब्रोमाइडची ओळखीची नळी ठेवल्याशिवाय रंग लिहीत नाही. थेंब तितकेच, एक्स्ट्रॅक्ट तितकाच, आणि मागे काळा कागद, कारण साध्या पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या साक्याचा रंग ठरत नाही.

दुसरी अडचण उजेडाची. आमच्या लॅबच्या आतल्या कोपऱ्यात ट्यूबलाइट गेलेली होती आणि तिथे जुना पिवळा बल्ब लावला होता. तिथे तिन्ही नळ्या नेल्या तर क्लोराइड आणि ब्रोमाइड जुळे भाऊ. खिडकीशी आणल्या की वेगळे. तेव्हा मी तो बल्बचा दोष म्हणून सोडून दिला, पण त्याचं कारण मला पुढे बीएससीला कळलं आणि ते फार आवडलं. सिल्व्हर क्लोराइड दिसणाऱ्या उजेडातलं जवळजवळ काहीच गिळत नाही, त्याची भूक अतिनील किरणांची, म्हणून पांढरं. आयोडाइड जांभळ्या टोकाचा उजेड चांगलाच गिळतं, मग उरलेला पिवळा दिसतो. ब्रोमाइड त्याच टोकाचा थोडासाच घास घेतं. म्हणजे पांढरा आणि साय यांच्यातला सगळा फरक त्या जांभळ्या-निळ्या टोकाशी असतो. आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात ते टोकच मुळात कमी. जे उजेडात नाहीच, ते कुणी गिळलं की नाही हे कळणार कसं? त्यातून आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग रोजचं. कंदिलाच्या उजेडात तर तो फरक पुरताच बुडायचा.

पण खिडकीशी फार वेळ उभं राहण्यातही धोका. मी पहिल्या दिवशी क्लोराइडची नळी मुद्दाम उन्हात ठेवली. थोड्याच वेळात पांढऱ्या दह्यावर जांभळट करडी छटा चढली. उजेडाने चांदी मोकळी होते, जुन्या फोटोंचं सगळं शास्त्र यावरच. तेव्हा रंग पाहायचा तो पहिल्या मिनिटात, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, आणि लगेच लिहायचा. उशिरा पाहिलेला रंग सॉल्टचा नसतो, उन्हाचा असतो.

मग अमोनिया. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि पुस्तकातली ओळ किती अर्धी आहे ते इथेच उमगलं. पुस्तक म्हणतं, क्लोराइड विरघळतो, ब्रोमाइड थोडा विरघळतो, आयोडाइड विरघळत नाही. ‘थोडा’ म्हणजे किती, आणि कशाच्या मानाने?

मी दोन नळ्यांत ब्रोमाइडच घेतलं. एकीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब, दुसरीत दहा. साका बसू दिला, वरचं पाणी ओतून टाकलं, डिस्टिल्ड वॉटरने एकदा धुतलं, आणि दोन्हींत डायल्यूट अमोनिया दोन-दोन मिली. हलवलं. दोन थेंबांची नळी स्वच्छ झाली. दहा थेंबांच्या नळीत बहुतेक साका तसाच. एकच सॉल्ट, एकच अमोनिया, आणि पुस्तकाच्या भाषेत एक क्लोराइड निघालं, एक ब्रोमाइड!

सरांना दाखवलं तर त्यांनी मला विद्राव्यता गुणाकार काढायला बसवलं. तो सगळा हिशेब इथे मांडत नाही, उत्तर सांगते. पाच थेंब डेसिमोलर सिल्व्हर नायट्रेटमधून जास्तीत जास्त पाच-सहा मिलिग्रॅम साका मिळतो. दोन मोलर अमोनियाच्या दोन मिलीत कागदावरच्या हिशेबाने क्लोराइड पंचवीस मिलिग्रॅमच्या वर विरघळू शकतं, म्हणजे नळीतलं सगळं जाऊन वर जागा उरते. ब्रोमाइड फक्त दोन मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी. आयोडाइडचं तर मिलिग्रॅमचा तिसावा हिस्साच काय ते. आणि कॉन्सन्ट्रेटेड अमोनिया घेतला की ब्रोमाइडही पंधराएक मिलिग्रॅम मावतं, सगळं विरघळतं, पण आयोडाइड अजूनही पाव मिलिग्रॅमच. त्याची सिल्व्हरवरची पकड इतकी घट्ट की अमोनिया ती सोडवूच शकत नाही.

त्या आकड्यांमुळे टेस्ट कशी करायची ते आपोआप ठरलं. साका पुरेसा हवा, पाच थेंबांच्या खाली नको, नाहीतर ब्रोमाइड क्लोराइडचं सोंग घेईल. वरचं पाणी ओतून टाकायचंच, कारण त्यात नायट्रिक ॲसिड असतं आणि ओतलेल्या अमोनियाचा बराचसा भाग ते मारण्यातच जातो. मग क्लोराइडसुद्धा हटून बसतं आणि आपण त्याला ब्रोमाइड लिहितो. आधी डायल्यूट अमोनिया दोन मिली. सगळं गेलं तर क्लोराइड. काही उरलं तर ते तसंच ठेवून वर कॉन्सन्ट्रेटेड. आता गेलं तर ब्रोमाइड, नाही गेलं तर आयोडाइड. आणि डायल्यूट अमोनियाची बाटली ताजी असावी. उन्हाळ्यात बूच सैल राहिलं तर तिच्यातला अमोनिया उडून जातो आणि नुसतं वास येणारं पाणी शिल्लक राहतं. आमची तशीच होती. काकांनी नवी करून दिली तेव्हा क्लोराइड एका झटक्यात विरघळलं.

आयोडाइडची एक गंमत सांगायची राहिली. कॉन्सन्ट्रेटेड अमोनिया ओतल्यावर त्याचा पिवळा उतरतो, तो पांढरट पडतो. विरघळत नाही, फक्त रंग उतरतो. रंगावर जीव टाकणाऱ्याला इथे पुन्हा शंका येते की मूळ साका क्लोराइडचा होता की काय. तो तसाच तळाशी बसलाय ना, एवढंच बघायचं.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, कमी बोलायचे. माझं सॉल्ट पांढरे स्फटिक. सोड्याबरोबर उकळताना अमोनियाचा वास आला, कॅटायन तिथेच कळलं. सल्फ्युरिक ॲसिडने तांबूस वाफा आल्या, या वेळी गरम करण्याआधीच, आणि ओला स्टार्च पेपर पिवळा पडला. पण प्रिलिमची आठवण ताजी, म्हणून मी ती एक ओळ लिहून पुढे गेले, निष्कर्षाची जागा कोरी ठेवली.

एक्स्ट्रॅक्ट गाळला. दोन मिली घेऊन थेंब मोजत नायट्रिक टाकलं. बत्तिसाव्या थेंबाला निळा लिटमस लाल झाला, तरी वर दोन टाकले. शेजारी नुसत्या सोड्याचा ब्लँक. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे पाच-पाच थेंब. ब्लँकमध्ये अंधूक झाक, माझ्या नळीत भरघोस साय. माझी नळी मी खिडकीशी नेली, आधी करून ठेवलेल्या क्लोराइडच्या नळीच्या शेजारी धरली. परीक्षक बघत होते. त्यांनी विचारलं, “दोन नळ्या कशाला?”

“सर, ही क्लोराइडची आहे. हिच्याशेजारी ठेवल्याशिवाय मला रंग कळत नाही.”

त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही.

साका बसला. वरचं ओतलं, धुतलं, डायल्यूट अमोनिया घातला. हलवलं. साका कमी झाला, पण तळाशी उरला. कॉन्सन्ट्रेटेड ओतला, गेला. तरीही मी क्लोरीन वॉटरची टेस्ट केली. एक्स्ट्रॅक्ट ॲसिड करून त्यात थोडा क्लोरोफॉर्म, मग क्लोरीन वॉटर थेंब थेंब, जोरात हलवून उभी ठेवली. खालचा क्लोरोफॉर्मचा थर नारिंगी झाला. आयोडाइड असता तर तो जांभळा झाला असता, आणि नायट्रेट किंवा क्लोराइड असता तर बिनरंगी राहिला असता. सिल्व्हरच्या साक्याला तीन छटांत जे सांगताना धाप लागते, ते हा थर एका नजरेत सांगतो. मग ही टेस्ट आधी का शिकवत नाहीत, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. तेव्हा कोऱ्या जागेत मी ‘ब्रोमाइड’ लिहिलं. रेघा मारल्या नाहीत.

परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. “अमोनियात विरघळलेलं परत कसं आणशील?”

मी सिंकजवळच्या रॅकमधली माझी नळी उचलली आणि नायट्रिक ॲसिड सावकाश ओतलं. अमोनिया मारला जाताना थोडी वाफ, थोडी ऊब, आणि मग द्रावणाच्या मध्यातून पुन्हा साय उगवली. काका तिथेच होते. आमच्याकडे ही पद्धतच होती. अमोनियात विरघळलेली चांदी तशीच ठेवून द्यायची नाही, फेकण्याआधी ॲसिड टाकून मोडायची, कारण तशीच ठेवली तर त्यातून स्फोट होणारा पदार्थ तयार होऊ शकतो. बॅच संपल्यावर काकांनी सगळ्या पोरांच्या नळ्या रॅकमध्ये रांगेत लावल्या आणि एकामागून एक ॲसिड सोडत गेले. काही नळ्यांत पांढरं दही, काही नळ्यांत साय. मी लांबून बघत होते, आणि खिडकी बंद झालेली असल्यामुळे कुठली कुठली ते मला सांगता आलं नसतं.

घरी जाऊन हात धुतले तेव्हा काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर काळे ठिपके उमटले, सिल्व्हर नायट्रेटचे, साबणाने न निघणारे. आई लिंबाची फोड घेऊन घासायला बसली. फिजिक्सच्या प्रॅक्टिकललाही ते तसेच होते.